हिरवी पट्टी दिसली की थांबायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर कसं काढलंस हे सांगितल्याशिवाय ते उत्तर तपासत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजचा माझा विषय नेमका त्याच जागी येतो. उत्तर एकच असलं, तरी ते कोणत्या रीतीनं हाती आलं यावर त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरतं.

मागच्या पडद्यावर एक फोटो आहे. एका कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा, मोबाइलवर काढलेला. त्यामुळे कडेला ट्यूबलाइटची तिरीप आली आहे आणि अक्षरांवर बारीक लाटा दिसतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीत काम करते. तिनं तो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "सर, सहाव्याच दिवशी निकाल लागला. टेस्ट बंद करतोय. बरोबर ना?" कंपनीचं नाव झाकून हा फोटो इथे दाखवायला तिनं परवानगी दिली, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

स्क्रीनवर जे दिसतं त्याला ए/बी टेस्टचा डॅशबोर्ड म्हणतात. रीत सोपी आहे. संकेतस्थळावर येणाऱ्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला जुनं पान दाखवायचं, ते ए. दुसऱ्याला बदललेलं पान, ते बी. इथे बदल एवढाच होता की वस्तू घरी कधी पोहोचेल ती तारीख बीमध्ये किमतीच्या लगेच खाली आणली होती. मग कोणत्या गटातले किती टक्के लोक खरेदी करतात ते मोजायचं.

आता आकडे वाचू. सहा दिवसांत ए पानावर २,००० लोक आले, त्यांतल्या ८० जणांनी खरेदी केली. म्हणजे ४ टक्के. बी पानावरही २,००० आले, खरेदी १०७ जणांनी केली. म्हणजे ५.३५ टक्के. शेजारी मोठ्या अक्षरांत "+34%" आहे, कारण बीची विक्री एपेक्षा जवळजवळ ३४ टक्क्यांनी जास्त भरते. त्याखाली हिरव्या पट्टीत "Confidence 95.7%" आणि "Winner: B". पट्टी ९५च्या वर गेली की हिरवी होते, अशी या डॅशबोर्डची रचना आहे.

या ९५.७चा अर्थ आधी नीट सांगतो, कारण बहुतेक लोक तो "बी चांगलं असण्याची शक्यता ९५.७ टक्के" असा घेतात, आणि तो तसा नाही. गणित उलट्या बाजूनं चालतं. आपण धरून चालतो की दोन्ही पानांत काहीही फरक नाही. मग विचारतो, केवळ योगायोगानं एवढी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता किती? उत्तर येतं ४.३ टक्के. शंभरातून ते वजा केलं की ९५.७. ५ टक्क्यांची मर्यादा घालण्यामागे एक करार आहे. फरक मुळात नसताना "फरक आहे" असा खोटा कौल शंभरात पाच वेळा आला तरी चालेल, त्याहून जास्त नको. सांख्यिकीत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात.

पण या कराराला एक अट आहे, आणि ती डॅशबोर्डवर कुठेही लिहिलेली नाही. किती ग्राहकांवर टेस्ट करायची हे आधी ठरलेलं असलं पाहिजे आणि तो आकडा पुरा झाल्यावर एकदाच पाहून निर्णय घेतला पाहिजे. ४.३ टक्के हे उत्तर फक्त या रीतीला लागू पडतं.

मी तिला फोन केला आणि टेस्ट किती दिवस चालवायची असं ठरलं होतं, ते विचारलं. म्हणाली, तीस दिवस. विक्रीत पाचव्या हिश्शाची वाढ झाली, म्हणजे ४चे ४.८ टक्के झाले, तर ती ओळखता यावी असं ठरवून कुणीतरी हिशेब केला होता. त्यासाठी दर गटात सुमारे दहा हजार ग्राहक लागतात आणि तेवढे यायला महिना लागणार होता. हिशेब बरोबर होता. मग रोज सकाळी टीममधलं कुणी ना कुणी डॅशबोर्ड उघडत होतं. सहाव्या सकाळी पट्टी हिरवी दिसली, आणि थांबायचं ठरलं.

फोटोच्या खालच्या भागात रोजचा इतिहास आहे. ट्यूबलाइटच्या तिरिपीमुळे सगळ्या ओळी वाचता येत नाहीत, पण तीन ओळी स्पष्ट आहेत. दुसऱ्या दिवसअखेर एमध्ये ६६७ लोकांत २४ खरेद्या, बीमध्ये ६६४ लोकांत ३७. कॉन्फिडन्स ९१.५. म्हणजे पट्टी त्याच दिवशी हिरवी व्हायच्या बेतात होती. चौथ्या दिवसअखेर एमध्ये १,३३४त ५५, बीमध्ये १,३३१त ६६. कॉन्फिडन्स घसरून ७०. आणि सहाव्या दिवशी ९५.७. दोन दिवसांत ९१, त्यानंतर ७०, त्यानंतर ९६. ग्राहक तेच, पानं तीच, किंमत तीच. हा आकडा वर चढत चढत निकालाकडे गेलेला नाही. तो वरखाली हेलकावत होता, आणि एका हेलकाव्याच्या टोकाला त्याला धरलं गेलं.

शेवटच्या दोन दिवसांचा हिशेब वेगळा काढून पाहा. एमध्ये ६६६ लोकांत २५ खरेद्या, बीमध्ये ६६९ लोकांत ४१. साऱ्या निकालाचा रंग या दोन दिवसांनी बदलला. त्या दोन दिवसांत बीकडे एक खरेदी जरी कमी झाली असती तर पट्टी राखाडीच राहिली असती, आणि महत्त्वाचं म्हणजे टेस्टही चालू राहिली असती. पट्टी राखाडी असेल तर आपण पुढे पाहतो. हिरवी झाली की पाहणं बंद करतो. पुन्हा पुन्हा पाहण्यातला दोष याच एकतर्फीपणात आहे. नुसतं पाहिल्यानं आकडे बिघडत नाहीत. पाहून, आकडा आवडला की थांबायचं आणि नाही आवडला की चालू ठेवायचं, या नियमानं ते बिघडतात. सहाव्या दिवशीचं हिरवं टिकलं असतं की सातव्या दिवशी गेलं असतं, हे कळण्याची सोयच राहत नाही.

हे किती बिघडतं याचा हिशेब फार पूर्वी झालेला आहे. इंग्लंडमध्ये पीटर आर्मिटेज हे वैद्यकीय सांख्यिकीतलं मोठं नाव. त्यांनी मॅकफर्सन आणि रो यांच्यासोबत १९६९ साली एक निबंध लिहिला आणि त्यात एक कोष्टक दिलं. दोन गोष्टींत मुळीच फरक नाही असं धरायचं. सारख्या अंतरानं विदा वाढत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ५ टक्क्यांची नेहमीची चाचणी लावायची. कधीही एकदा मर्यादा ओलांडली की फरक सापडला असं जाहीर करायचं. एकदाच पाहिलं तर खोट्या कौलाची शक्यता अर्थातच ५ टक्के. दोनदा पाहिलं तर ८.३. पाचदा पाहिलं तर १४.२. दहादा पाहिलं तर १९.३. पन्नासदा पाहिलं तर ३२. आणि पाहत राहण्याला शेवटच ठेवला नाही, तर १०० टक्के. म्हणजे पुरेसा धीर असेल तर दोन अगदी एकसारख्या पानांतही एक ना एक दिवस "विजेता" सापडतोच.

आपल्या फोटोतल्या टेस्टला हे लावू. रोज एकदा, तीस दिवस पाहायचं, आणि हिरवं दिसलं की थांबायचं. पाच टक्क्यांचा करार एक चतुर्थांशाच्याही पुढे जातो. पहिल्या सहाच दिवसांचा विचार केला तरी खोट्या कौलाची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते. स्क्रीनवर ४.३ टक्क्यांचा भरवसा लिहिला आहे आणि प्रत्यक्ष रीत १५ टक्के चुकणारी आहे.

इथे एक शंका जाणकार नेहमी काढतात. पाच वेळा पाहिलं, दर वेळी चुकीची शक्यता ५ टक्के, तर एकदा तरी चुकण्याची शक्यता साधारण २३ टक्के व्हायला हवी, मग ती १४च का? कारण या पाच पाहण्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. पाचव्या दिवशीच्या आकड्यात पहिले चारही दिवस बसलेले असतात. आजचा निकाल कालच्यासारखाच असण्याकडे झुकलेला असतो, म्हणून चुका २३पर्यंत जात नाहीत. पण तो पूर्णपणे कालचाच नसतो, म्हणून ५वर थांबतही नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त वेळ ज्या प्रश्नावर घालवायचा आहे तो असा. लोक म्हणतात, "विदा वाढेल तसा निकाल स्थिर होत जातो ना? मग जास्त पाहिल्यानं चूक वाढते कशी?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नाण्यावर चांगलं समजतं.

नाणं १०० वेळा उडवा. छाप ५०च्या आसपास येईल. ५ टक्क्यांची मर्यादा साधारण दहाची आहे. छाप ६०पर्यंत गेली किंवा ४०पर्यंत खाली आली तर आपण म्हणतो की नाण्यात खोट दिसते. आता ४०० वेळा उडवा. अपेक्षा २००ची, मर्यादा वीसची. दहा हजार वेळा उडवलं तर अपेक्षा ५,०००ची, मर्यादा जवळजवळ शंभराची. टक्केवारीत पाहिलं तर मर्यादा आवळत जाते. शंभर फेकींना दहा टक्के, चारशेला पाच, दहा हजारांना एक. निकाल स्थिर होतो असं आपण म्हणतो ते याच अर्थानं, आणि ते खरंच आहे.

पण निर्णय टक्केवारीवर होत नाही, मर्यादा ओलांडली की नाही यावर होतो. मर्यादा फेकींच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते. चौपट फेकींना दुप्पट. आणि नाण्याच्या भटकंतीचा आवाकाही नेमका त्याच हिशेबानं वाढतो. भटकणारा आणि त्याच्या भोवतीचं कुंपण एकाच वेगानं वाढत असल्यानं कुंपण कधीच सुरक्षित अंतरावर जात नाही. शंभर फेकींच्या वेळी कुंपण जितकं जवळ होतं, तितकंच ते दहा लाख फेकींनंतरही असतं. म्हणून संधी संपत नाही. गणितात याचा काटेकोर निकाल पुनरावृत्त लॉगरिदमच्या नियमात आहे. भटकंती वर्गमुळाच्या कुंपणाबाहेर अनंत वेळा जातेच, असं तो नियम सांगतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि व्यवहारात ती फार उपयोगी आहे. नवी संधी दिवसांच्या संख्येवर मिळत नाही. विदा किती पटीनं वाढली यावर मिळते. पहिल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत विदा दुप्पट होते. तेवढीच नवी संधी पुढे दहाव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंतच्या साऱ्या काळात मिळून येते. म्हणजे सुरुवातीचे दिवस सगळ्यात बेभरवशाचे, आणि अधीर टीम सगळ्यात जास्त पाहते तेही याच दिवसांत. आर्मिटेज यांच्या कोष्टकात पहिल्या काही पाहण्यांत चूक झपाट्यानं वाढते आणि नंतर सावकाश, त्याचं कारण हेच आहे.

आता त्या "+34%"कडे पुन्हा या. माझ्या मते या फोटोतली सगळ्यात फसवी गोष्ट पट्टी नाही, हा आकडा आहे.

दर गटात २,००० ग्राहक असताना पट्टी हिरवी व्हायला किमान किती फरक लागतो? हिशेब केला तर साधारण १.३ टक्के गुण. एचा दर ४ आहे. म्हणजे बी जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त दिसल्याशिवाय सहाव्या दिवशी हिरवं होणं शक्यच नाही. समजा तारीख वर आणण्यानं खरोखर फायदा होतो, पण तो १० टक्क्यांचा आहे. व्यवहारात तोही उत्तम फायदा. पण सहाव्या दिवशी तो १० टक्के म्हणून हिरवा दिसू शकत नाही. तो एकतर दिसणार नाही, किंवा योगायोगानं फुगून ३३च्या वर गेलेल्या रूपात दिसेल. लवकर थांबणाऱ्याच्या हाती येणारे आकडे बहुतेक वेळा फुगलेलेच असतात, कारण कमी ग्राहकांवर फक्त फुगलेलेच आकडे मर्यादा ओलांडतात. हेच तीस दिवस थांबून दहा हजारांवर पाहिलं असतं, तर ०.६ टक्के गुणांच्या जरा आतबाहेरचा फरकही पुरला असता. तेव्हा दिसणारा आकडा खऱ्याच्या बराच जवळ असता.

म्हणून कौल खरा निघाला तरी नुकसान संपत नाही. ३४ टक्के वाढ गृहीत धरून पुढच्या तिमाहीची उद्दिष्टं ठरतात, माणसं नेमली जातात, गोदामात माल भरला जातो.

खोटे कौल किती साठतात, तेही पाहू. कंपनीनं वर्षात शंभर बदल तपासले. अशा कामात बहुतेक बदलांनी काहीच फरक पडत नाही. समजा दहाच बदल खरे उपयोगी आहेत. नीट रीतीनं, प्रत्येक टेस्ट ठरल्याप्रमाणे पुरी केली, तर त्या दहांतले आठ सापडतात. उरलेल्या नव्वदांतून ५ टक्क्यांनी चार-पाच खोटे कौल येतात. त्यांतले निम्मे नवं पान वाईट आहे असं सांगतात आणि ते आपण लावत नाही. म्हणजे आठ खऱ्यांमागे दोन-तीन खोटे. आता रोज पाहून थांबायची रीत लावा. नव्वदांत पंचविसेक खोटे कौल, त्यांतले बारा-तेरा नव्या पानाच्या बाजूचे. खरे सापडतात आठ-नऊ. जाहीर केलेल्या विजेत्यांत निम्म्याहून जास्त खोटे. टीमच्या भिंतीवर वीस विजयांचे कागद लागतात, आणि वर्षअखेर विक्री त्या मानानं वाढलेली नसते. लोक म्हणतात, बाजार मंद होता.

हे उघडकीला का येत नाही, हे मी त्या विद्यार्थिनीकडूनच शिकलो. फोटो मला मिळाला त्या दुपारी टेस्ट बंद झाली आणि बी पान सगळ्यांना दिसू लागलं. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात खरोखर ३४ टक्के वाढ झाली का?" ती म्हणाली, "कळणार कसं? ए पान आता कुणालाच दिसत नाही. आणि दिवाळीची खरेदी सुरू झाली." विजेता जाहीर करण्याबरोबर तुलनाच संपते. खोट्या कौलाला पकडणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ए पान, आणि आपल्याच हातानं त्याला घरी पाठवलेलं असतं.

मग घाई करूच नये का? तसं नाही. लवकर थांबावं, ही इच्छा रास्त आहे आणि तिच्यासाठी उत्तम गणित आहे. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला. न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात युद्धकामासाठी सांख्यिकीतज्ज्ञांचा एक गट बसवला होता. दारूगोळ्याच्या चाचण्यांत ठरलेले सगळे बार उडवावे लागत. नौदलाच्या एका अधिकाऱ्यानं म्हटलं की अनुभवी माणसाला मध्येच दिसतं की पुढचे बार व्यर्थ आहेत. या म्हणण्यात तथ्य होतं. १९४३ साली तो प्रश्न अब्राहम वाल्ड यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांनी क्रमिक विश्लेषणाची शाखा उभी केली. प्रत्येक निरीक्षणानंतर पाहायचं आणि तरीही चुकीचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं. आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राची पाहणी टप्प्याटप्प्यानं केली होती, तिची नोंद वाल्ड यांनी या विचाराचं पूर्वरूप म्हणून घेतली आहे. डिसेंबर १९५०मध्ये भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीत झालेल्या विमान अपघातात वाल्ड आणि त्यांच्या पत्नी गेल्या.

वाल्ड यांच्या मार्गाचं सार असं की पाहायची मुभा हवी असेल, तर मर्यादा आधीच कडक करून तिची किंमत मोजायची. पुढे वैद्यकीय चाचण्यांसाठी याची सोपी रूपं आली. १९७७ साली पोकॉक यांनी सुचवलं की पाच वेळा पाहायचं असेल तर दर वेळी ५ टक्क्यांऐवजी साधारण १.६ टक्क्यांची मर्यादा लावा, म्हणजे एकूण चूक ५ टक्क्यांतच राहते. १९७९ साली ओब्रायन आणि फ्लेमिंग यांनी दुसरी रीत दिली. सुरुवातीला अतिशय कडक राहायचं आणि शेवटाकडे सैल व्हायचं. पाचव्या, शेवटच्या पाहणीला त्यांची मर्यादा ४ टक्क्यांच्या थोडी वर असते, म्हणजे नेहमीच्या ५च्या अगदी जवळ. मला ही दुसरी रीत जास्त पटते, कारण सुरुवातीचे दिवस किती बेभरवशाचे असतात ते तिच्यात धरलेलं आहे. तिची किंमतही थोडी. ग्राहक फार तर तीनेक टक्के जास्त लागतात. पोकॉक यांच्या रीतीला शेवटपर्यंत जावं लागलं तर वीसेक टक्के जास्त लागू शकतात.

आपली टेस्ट तीस दिवसांची. पाच पाहण्या ठरवल्या असत्या तर पहिली बरोबर सहाव्या दिवशीच आली असती. म्हणजे फोटो त्याच क्षणाचा आहे. फरक योगायोगाच्या मापाच्या किती पट आहे हे सांख्यिकीत मोजतात. आपल्या फोटोत तो २.०२ पट आहे. एकदाच पाहायचं असेल तर १.९६ लागतात, म्हणून पट्टी हिरवी. पोकॉक यांच्या रीतीनं २.४१ लागले असते. ओब्रायन-फ्लेमिंग रीतीनं पहिल्या पाहणीला ४.५६. दोन्ही रीती एकच सांगतात, चालू ठेवा.

एवढी कडक मर्यादा कुणी ओलांडतं का, असं वाटेल. ओलांडतात. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर ॲस्पिरिनची एक मोठी चाचणी चालली होती. चाचणी चालू असताना आकडे फक्त एका स्वतंत्र देखरेख मंडळाला दिसत. चाचणी करणाऱ्यांना नाही, भाग घेणाऱ्यांनाही नाही. डिसेंबर १९८७मध्ये त्या मंडळाच्या शिफारशीवरून ॲस्पिरिनचा भाग मुदतीआधी थांबवला. पहिल्या अहवालात हृदयविकाराचे झटके ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १०४ होते, न घेणाऱ्यांत १८९. गट सारखे. हा फरक योगायोगाच्या मापाच्या जवळजवळ पाच पट भरतो. पुढे उरलेल्या नोंदी पुऱ्या झाल्यावर आकडे १३९ आणि २३९ झाले. कौल टिकला, आणि फायद्याचा आकडा थोडासाच खाली आला. लवकर थांबणं असं असावं. पुराव्याची मर्यादा आधी ठरलेली, आणि आकडे पाहणारे वेगळे.

इंटरनेटच्या धंद्यात ही जाण उशिरा आली. २०१५ साली ऑप्टिमाइझली या ए/बी टेस्टची सेवा देणाऱ्या कंपनीनं आपल्या डॅशबोर्डमागचं गणित बदललं, आणि स्टॅनफर्डचे रमेश जोहरी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या रीतीत कधीही पाहिलं, कितीही वेळा पाहिलं आणि कधीही थांबलं, तरी करार मोडत नाही. त्यासाठी कुंपण वर्गमुळाहून थोडं जास्त वेगानं दूर सरकवलेलं असतं. अशा डॅशबोर्डवर निकाल लागायला साहजिकच जास्त ग्राहक लागतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या रोजच्या कामात डॅशबोर्ड असतो, त्यांना तो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक नसेल तर तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. त्याला ए/ए टेस्ट म्हणतात. दोन्ही गटांना तेच जुनं पान दाखवायचं, आणि बाकी सगळं नेहमीसारखं करायचं. रोज पाहायचं, हिरवं दिसलं की नोंद करून ती टेस्ट थांबवायची. जुन्या नोंदी असतील तर हेच कॉम्प्युटरवर त्या ग्राहकांचे पुन्हा पुन्हा गट पाडून हजार वेळा करता येतं. इथे विजेता असूच शकत नाही. हजारात पन्नासाच्या आसपास विजेते निघाले तर डॅशबोर्ड आणि तुमची सवय दोन्ही ठीक आहेत. अडीचशे निघाले, तर आतापर्यंतच्या विजयांची यादी पुन्हा उघडायला हवी.

त्या विद्यार्थिनीला मी हेच करायला सांगितलं, आणि जोडीला डॅशबोर्डच्या डोक्यावर दोन आकडे कायम छापायला सांगितले. किती ग्राहक ठरले होते, आणि आज ठरलेल्या पाहण्यांपैकी कितवी. ते दोन आकडे त्या फोटोत असते, तर "२,००० / १०,०००" एवढंच वाचून तिच्या टीमनं चहा घेतला असता आणि ती आपल्या कामाला लागली असती.

तिचा शेवटचा प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो. "सर, समजा दुसऱ्या दिवशी बीची विक्री निम्म्यावर आली, तर तीस दिवस वाट पाहायची?" नाही. बहुधा बटण दबत नसेल किंवा पैसे भरायचं पान उघडत नसेल. त्याच क्षणी थांबवा, ग्राहकांचं नुकसान करून कुठलीही टेस्ट चालवायची नसते. इथेही चुकण्याची शक्यता आहेच. पण नुकसान टाळायला थांबताना चुकलो तर एक चांगला बदल काही दिवस मागे पडतो, आणि ए पान जागेवर असल्यामुळे तीच टेस्ट पुन्हा लावता येते. फक्त त्या थांबण्याला निकाल म्हणायचं नाही. वहीत लिहायचं, "बिघाडाच्या शंकेनं बंद, कौल नाही", आणि दुरुस्ती झाल्यावर ग्राहकांची मोजणी पहिल्यापासून सुरू करायची.